अस्वच्छ खोलीचे फोटो आहेत, तरी हॉटेल दाद देत नाही: पत्र कसं लिहावं?

प्रश्न: दोन रात्रींसाठी हॉटेल बुक केलं होतं. रात्री खोलीत शिरलो तर चादरीवर केस आणि डाग, बाथरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी, पलंगाखाली आधीच्या कुणाचा तरी कचरा. दुसरी खोली नाही म्हणाले, फक्त चादर बदलून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली बदलून मिळाली. मी 23 फोटो काढले होते. घरी आल्यावर सगळे ईमेलने पाठवले, सोबत रागाने बरंच लिहिलं. उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ फोटोत सगळं स्पष्ट दिसतंय, मग पैसे परत का देत नाहीत? आता पत्र कसं लिहू? बुकिंग एका साइटवरून होतं, पैसे आधीच भरले होते.

उत्तर: मी बरीच वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केलंय आणि अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची. त्यामुळे आधी पलीकडच्या बाजूला काय होतं ते सांगतो, पत्र कसं हवं ते त्यातूनच कळेल.

घाणेरड्या चादरीचा फोटो पाहिल्यावर मॅनेजरला तीन प्रश्न पडतात. ही खोली आमचीच आहे कशावरून? ही घाण पाहुणा येण्याआधीची की त्याच्या मुक्कामातली? आणि आम्हाला त्याच वेळी सांगितलं होतं का? तुमचे 23 फोटो या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देत नाहीत. ते फक्त कुठेतरी, कधीतरी एक चादर मळलेली होती एवढंच दाखवतात. शिवाय पैसे परत करायचे तर मॅनेजरला कारण लिहून अकाउंट्सकडे कागद पाठवावा लागतो. रागाने लिहिलेल्या तीन पानांतून ते कारण त्यानेच शोधून काढायचं असेल तर तो शोधत नाही, दिलगिरीचं ठरलेलं वाक्य पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो.

म्हणून पत्र असं हवं, की त्यातली प्रत्येक गोष्ट मॅनेजरला स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहता येईल. फोटोपेक्षाही तो आपल्या नोंदींवर विश्वास ठेवतो, आणि नोंदी भरपूर असतात. कार्डने उघडणाऱ्या कुलुपात कोणतं कार्ड किती वाजता लागलं हे साठलेलं असतं, म्हणजे सफाई कर्मचारी शेवटचा कधी आत गेला आणि तुम्ही पहिल्यांदा दार कधी उघडलंत, दोन्ही. हॉटेलच्या संगणकात प्रत्येक खोलीची स्थिती असते: डर्टी, क्लीन, इन्स्पेक्टेड. ती कधी बदलली याचीही नोंद सापडते. रिसेप्शनवर ड्यूटीची लॉग बुक असते, हाउसकीपिंगकडे रात्री चादर मागवल्याची नोंद असते आणि खोली बदलल्याचं तर सिस्टीममध्ये असणारच. तुम्ही ‘रात्री उशिरा पोहोचलो’ असं लिहिलंत तर कुणी काही उघडून पाहणार नाही. ‘रात्री 9:20 ला चेक-इन, 9:28 ला खोलीत प्रवेश, 9:40 ला रिसेप्शनला कळवलं’ असं लिहिलंत की पाहावंच लागतं. नोंदी जुळल्या की तुमचे फोटोही आपोआप खरे ठरतात. मात्र कुलपाची स्मृती मर्यादित असते, नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात. तेव्हा पत्र याच आठवड्यात पाठवा.

आता फोटो. 23 मधून पाच निवडा. बाकीचे फोनवरून काढून टाकू नका, पण पाठवूही नका. पन्नास फोटो पाठवणाऱ्याचा एकही फोटो नीट पाहिला जात नाही. पहिला फोटो खोली ओळखू येईल असा हवा: दारावरचा क्रमांक, किंवा ज्यात भिंतीवरचं चित्र, पडदे, फर्निचर दिसतंय असा लांबून घेतलेला. हॉटेलच्या माणसाला आपली खोली एका नजरेत ओळखू येते. त्यानंतरचे फोटो शक्यतो जोडीने द्या, आधी लांबून आणि मग तीच जागा जवळून. नुसता जवळून काढलेला डाग कुठल्याही घरातल्या कुठल्याही चादरीवरचा असू शकतो. पलंगाचा डोक्याकडचा भाग आणि डाग एकाच चौकटीत आला, किंवा लांबच्या फोटोत डागाची जागा ओळखू आली, की ती शंका मिटते.

तुमच्याकडे एक फोटो असण्याची शक्यता आहे, ज्याच्याकडे तुम्ही बहुतेक दुर्लक्ष केलं असेल. पांघरूण बाजूला केल्यावर लगेच काढलेला, संपूर्ण चादर दिसणारा. तो मोठा करून पाहा. लाँड्रीतून आलेली चादर इस्त्री होऊन, घडी घालून येते. ती गादीवर ताणून बसवली तरी घडीच्या सरळ रेषा तिच्यावर लांबरुंद चौकोनांसारख्या उमटलेल्या दिसतात. कुणीतरी झोपून उठलेल्या चादरीवर त्या रेषा मोडलेल्या असतात. मधल्या भागात, जिथे पाठ आणि कंबर टेकते तिथे, वेड्यावाकड्या बारीक चुण्या असतात आणि कडेला गादीखाली खोचलेला भाग सैल पडलेला असतो. असा फोटो म्हणजे चादर बदललीच नव्हती, नुसती वरून सारखी केली होती, याचा मॅनेजरला समजणारा पुरावा. डागाच्या बाबतीत तो म्हणू शकतो की चादर धुतलेली होती, डाग धुऊनही न गेलेला जुना होता. खरं तर अशी चादर कंडेम करून बाजूला काढायची असते, पण बचाव म्हणून हे चालून जातं. चुण्या, सैल कडा आणि पांघरुणाखालचे केस हे तिन्ही एकाच फोटोत असतील तर मात्र त्याला काही बोलायला जागा राहत नाही. तो फोटो क्रमांक 2 ठेवा आणि पत्रात त्याच्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहा.

या चुण्या तुमच्याच झोपण्याने पडल्या असं कुणी म्हणू नये म्हणून फोटोची वेळ महत्त्वाची. फोनमधल्या मूळ फाइलमध्ये फोटो काढल्याची तारीख आणि वेळ साठलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळून जाते. स्क्रीनशॉटमध्ये तर ती मूळची नसतेच. म्हणून मूळ फाइल ईमेलला जोडा, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो कापू नका, उजळ करू नका. डागाभोवती लाल वर्तुळ काढायचंच असेल तर प्रतीवर काढा आणि मूळ फाइलही द्या. जीमेलवर एका मेलला 25 एमबीची मर्यादा आहे. पाच फोटो सहसा त्यात बसतात. जास्त झाले की ते लिंक म्हणून जातात, आणि अनोळखी माणसाची लिंक हॉटेलात कुणी उघडत नाही. याच कारणासाठी गरज पडली तर दोन मेल करा. वेळेचा पुरावा फार काटेकोर नसतो हेही लक्षात असू द्या, फोनचं घड्याळ बदलता येतं. पण फोटोची वेळ 9:33 आणि त्यांच्या कुलपाची नोंद 9:28 अशी जवळजवळ आली, आणि फोटोत तुमची बॅग बंदच दिसत असली, की समोरचा वाद घालत नाही.

पुढे कधी अशी वेळ आली तर फ्लॅश बंद ठेवा. पांढऱ्या चादरीवर समोरून पडलेला प्रकाश चुण्या आणि फिकट डाग दोन्ही खाऊन टाकतो. दुसऱ्या फोनचा टॉर्च गादीच्या पातळीवर आडवा धरला की केस, धूळ, चुण्या सावलीसकट उठून दिसतात.

शब्दांबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती पत्र तारू शकते आणि बुडवूही शकते. फोटोत जे दिसतं तेवढंच लिहा. ‘चादरीवर रक्त होतं’ असं लिहिलंत की मॅनेजर ‘ते रक्त नव्हतं, चहाचा डाग होता’ असं उत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. ‘उशीजवळ साधारण नाण्याएवढा तपकिरी डाग’ हे कुणी नाकारू शकत नाही. तसंच बुरशीचं. टाइल्सच्या सांध्यावर किंवा सिलिकॉनच्या पट्टीवर काळे ठिपके असतील तर ‘बुरशीसारखे काळे ठिपके’ म्हणा. नळावरचे पांढरे थर ही बहुतेक वेळा जड पाण्याची खूण असते. ते दिसायला वाईट असले तरी आधीच्या पाहुण्याची घाण नव्हे, ते पत्रात घेऊ नका. एक कमकुवत मुद्दा घातला की उत्तर त्याच मुद्द्याला मिळतं. गादीच्या शिवणीवर शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसले असते तर प्रकरण वेगळं झालं असतं. ती ढेकणांची खूण असू शकते, आणि तिथे पैशांच्या आधी खोली बंद करून कीटकनियंत्रण करण्याची मागणी करायची असते. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, म्हणून तो शब्दही पत्रात येऊ देऊ नका.

तसंच, खोली झाडणाऱ्या व्यक्तीवर राग काढू नका. मोठ्या हॉटेलांत एका पाळीत एकाच्या वाट्याला 12 ते 16 खोल्या सहज येतात, आणि खोली विकायच्या आधी सुपरवायझरने ती तपासायची असते. दोष त्या तपासणीत आहे आणि पत्रात तोच दिसायला हवा. माणसाला नावं ठेवलीत की हॉटेल त्याची कानउघाडणी करून विषय मिटवतं, तुमचे पैसे तसेच राहतात.

मागणीही अशी ठेवा की मॅनेजरला तिच्यावर सही करता येईल. तुम्ही दोन्ही रात्रींचे पैसे मागितले असावेत असा माझा अंदाज आहे. दुसरी रात्र तुम्ही बदललेल्या खोलीत काढली आणि तिच्याबद्दल तुमची तक्रार नाही, मग तिचे पैसे कशाला परत द्यायचे, एवढ्यावर सगळी मागणी फेटाळली जाते. पहिल्या रात्रीचं पूर्ण भाडं, करांसह, ही मागणी सरळ आहे. मनस्तापाची भरपाई तिच्यात मिसळू नका. आणि ‘पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकेन’ हे तर कदापि लिहू नका. अशी धमकी आली की पत्र व्यवस्थापनाकडून वकिलांकडे जातं. काही मोठ्या रिव्ह्यू साइट्सवर हॉटेलांना अशा धमकीची आगाऊ तक्रार नोंदवण्याची सोयही असते, म्हणजे पुढे तुमचा खरा रिव्ह्यूसुद्धा संशयात सापडेल. रिव्ह्यू लिहायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे, खुशाल लिहा. त्याचा पैशांशी सौदा तेवढा करू नका.

तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून मी पत्र असं लिहीन. खोली क्रमांक, तारखा आणि वेळा माझ्या मनाच्या आहेत, तिथे तुमच्या घाला.

> प्रति,
> महाव्यवस्थापक
>
> विषय: खोली क्र. 304 अस्वच्छ स्थितीत दिल्याबद्दल पहिल्या रात्रीचे भाडे परत मिळण्याबाबत. बुकिंग क्र. ………
>
> महोदय,
>
> दि. 12 ते 14 या दोन रात्रींसाठी माझे आपल्या हॉटेलात बुकिंग होते. दि. 12 रोजी रात्री 9:20 वाजता मी चेक-इन केले व 9:28 च्या सुमारास खोली क्र. 304 मध्ये प्रवेश केला. खोली आधीच्या मुक्कामानंतर स्वच्छ केलेली नव्हती. त्या वेळी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.
>
> फोटो 1 (रात्री 9:31): दारातून दिसणारी खोली. आमचे सामान बंद अवस्थेत दिसते.
>
> फोटो 2 (9:33): पांघरूण बाजूला केल्यानंतरची चादर. चादरीवर घडीच्या रेषा नाहीत, मधल्या भागात चुण्या आहेत, डावी कड सैल आहे व उशीजवळ केस आहेत. चादर बदलली नसल्याचे यावरून दिसते.
>
> फोटो 3 (9:34): त्याच चादरीवरील तपकिरी डाग, जवळून.
>
> फोटो 4 (9:36): पलंगाखालील वापरलेले टिश्यू व पाण्याची रिकामी बाटली.
>
> फोटो 5 (दि. 13, सकाळी 7:15): बाथरूमच्या कोपऱ्यातील सांध्यावर बुरशीसारखे काळे ठिपके. हा भाग चादर बदलल्यानंतरही तसाच होता.
>
> मी रात्री 9:40 वाजता रिसेप्शनला कळवले व दुसरी खोली मागितली. खोली उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले. 10:15 च्या सुमारास फक्त चादर बदलण्यात आली. पलंगाखालचा भाग व बाथरूम स्वच्छ करण्यात आले नाही. दि. 13 रोजी दुपारी 1 वाजता मला खोली क्र. 411 देण्यात आली. त्या खोलीबाबत माझी तक्रार नाही.
>
> खोली क्र. 304 च्या कुलपाच्या नोंदी, त्या दिवशीच्या हाउसकीपिंगच्या नोंदी व रिसेप्शनची लॉग बुक पाहून वरील वेळा पडताळून घ्याव्यात आणि या नोंदी प्रकरण मिटेपर्यंत जपून ठेवाव्यात, ही विनंती.
>
> पहिल्या रात्रीचे भाडे करांसह परत मिळावे, अशी माझी मागणी आहे. रक्कम बुकिंग साइटमार्फत भरली असल्याने परताव्यास आपली मंजुरी साइटला लेखी कळवावी व त्याची प्रत मला पाठवावी. दि. 30 पर्यंत उत्तर अपेक्षित आहे. मूळ फोटो फाइल्स माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत.
>
> आपला / आपली,
> (नाव, फोन क्रमांक)

यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. ‘त्या खोलीबाबत माझी तक्रार नाही’ हे वाक्य पाहुणे सहसा लिहीत नाहीत, पण वाचणाऱ्यावर त्याचा परिणाम मोठा होतो. हा माणूस जे झालं तेवढंच सांगतोय, हे त्यावरून कळतं. फोटो 5 दुसऱ्या दिवशीचा आहे हे लपवलेलं नाही, उलट चादर बदलूनही बाकीची घाण तशीच राहिली हे दाखवायला तो वापरलाय. तुमच्याकडे चादर बदलल्यानंतरचा असा एकही फोटो नसेल तर ते वाक्य ठेवा, पण फोटोचा उल्लेख काढा. वेळा आठवून लिहू नका. फोनच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडा आणि तिथून उतरवा. रिसेप्शनला खोलीतल्या फोनवरून कळवलं असेल तर तुमच्याकडे त्याची नोंद नसेल, तिथे ‘सुमारे’ लिहायला हरकत नाही. मोबाइलवरून केला असेल तर कॉलची यादी पाहा.

पैसे साइटला भरले होते ही तुमच्या प्रकरणातली खरी अडचण आहे. अशा वेळी रक्कम बऱ्याचदा साइटने गोळा केलेली असते आणि हॉटेलला मनात आणूनही ती तुमच्या कार्डवर परत टाकता येत नाही. हॉटेल म्हणतं साइटला विचारा, साइट म्हणते हॉटेलने मंजुरी दिली तर देऊ, आणि पाहुणा दोघांच्या मधे हेलपाटे घालत राहतो. म्हणून पत्रात पैशांऐवजी साइटला द्यायची लेखी मंजुरी मागितली आहे. तेच पत्र, तेच फोटो त्याच दिवशी साइटच्या तक्रार विभागाकडे पाठवा आणि दोन्ही ईमेल एकमेकांना प्रत म्हणून दिसू द्या. त्यानंतर फोनवर बोलणं झालंच तर लगेच दोन ओळींचा मेल टाका: आज अमुक वाजता अमुक व्यक्तीशी बोलणं झालं, त्यांनी असं सांगितलं.

तुमचा आधीचा रागाचा ईमेल त्यांच्याकडे आहेच. त्याचा उल्लेख टाळू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून हे पत्र पाठवा आणि वर एकच ओळ लिहा: ‘माझ्या आधीच्या पत्रातील तपशील वेळा व फोटोंसह सुसंगतपणे खाली देत आहे.’ दोन्ही पत्रांत काही विसंगती असेल, म्हणजे तिथे ‘रक्त’ आणि इथे ‘तपकिरी डाग’ असेल, तर ‘हेच पत्र अंतिम समजावे’ असं जोडा.

पुन्हा नुसती दिलगिरी आली तर नवं पत्र लिहू नका. त्याच साखळीत एकच प्रश्न विचारा: वरीलपैकी कोणती बाब आपल्या नोंदींशी जुळत नाही? याचं उत्तर देणं अवघड जातं, आणि उत्तर आलंच नाही तरी पुढच्या पायरीसाठी तो कागद उपयोगी पडतो. हॉटेल एखाद्या साखळीचं असेल तर तिच्या मुख्य कार्यालयाचा ग्राहक विभाग ही पुढची पायरी. पैसे कार्डने भरले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो. त्याला मुदत असते, म्हणून हॉटेलच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका, बँकेला मुदत आताच विचारून ठेवा. तुम्ही रात्र त्याच खोलीत काढली होती, त्यामुळे बँकेकडे निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं गृहीत धरता येत नाही. तिथे उपयोगी पडेल ती 9:40 ची तक्रार आणि ‘दुसरी खोली नाही’ हे त्यांचं उत्तर.

बहुतेक वेळा मधलीच एखादी तडजोड पुढे येते: अर्ध्या रात्रीचे पैसे, किंवा पुढच्या मुक्कामासाठी व्हाउचर. व्हाउचर घेण्याआधी त्याची मुदत, ते कोणत्या दिवशी चालत नाही आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, हे लेखी विचारा. ज्या हॉटेलात परत जायचं नाही त्याचं व्हाउचर म्हणजे तुमच्यासाठी शून्य, हे त्यांना स्पष्ट सांगायला काहीच हरकत नाही. रोख रकमेवर तडजोड करायची ठरवलीत तर होकार देण्याआधी त्यांच्या मेलमध्ये ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का ते पाहा. ते मान्य केल्यावर उरलेली रक्कम मागता येणं कठीण होतं. आणि रक्कम जमा झाली की करांसह हिशेब लावून पाहा, कारण परतावा देताना नुसतं भाडं परत येतं आणि कर तसाच राहून जातो, असं पुष्कळदा होतं.